सेकंड-हँड फोन घेताना: दोन सिम, दोन आयएमईआय आणि अर्धा तास

भाच्याने आणलेला फोन पाहताक्षणी आवडावा असाच होता. काचेवर ओरखडा नाही, बॅटरी ठीक, कॅमेरा ठीक. विकणाऱ्याने त्याच्यासमोर त्याच फोनवरून कॉल लावून दाखवला होता आणि इंटरनेटही चालवून दाखवलं होतं. थोडे पैसे इसार म्हणून देऊन भाचा एक दिवस वापरून बघायला फोन घरी घेऊन आला, आणि स्वतःचं सिम पहिल्या स्लॉटमध्ये घातलं. कंपनीचं नाव क्षणभर दिसलं आणि मग रेंजच्या जागी नुसतं `Emergency calls only`. सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकलं, तर मिनिटभरात सगळं सुरळीत.

"मामा, पहिला स्लॉट खराब दिसतोय. तेवढ्यासाठी किंमत कमी करून मागू का?"

स्लॉट खराब नव्हता. तो खराब असता तर फोनला सिम दिसलंच नसतं. इथे सिम दिसत होतं, ते वाचलंही जात होतं, पण नेटवर्क आत घेत नव्हतं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि सेकंड-हँड फोन तपासण्याची निम्मी कला हा फरक ओळखण्यात आहे. पुढे त्याच फोनच्या निमित्ताने सगळी तपासणी ज्या क्रमाने करावी त्या क्रमाने सांगतो.

भेटण्याआधी मागून घ्यायच्या दोन गोष्टी

विकणाऱ्याला डायल पॅडवर `*#06#` टाइप करायला सांगा आणि जो पडदा येईल त्याचा फोटो मागवा. कॉलचं बटण दाबावं लागत नाही, शेवटचा `#` टाकताच आकडे येतात. दोन सिमच्या फोनमध्ये दोन आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळखीचे दोन नंबर, दिसले पाहिजेत. ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनच्या आतच असणारं सिम, असलेल्या फोनमध्ये बहुधा `EID` नावाचा ३२ आकडी लांबलचक नंबरही दिसतो. खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो पाठवून कोणी भागवत असेल तर ऐकू नका, कारण खोकं कोणत्याही फोनचं असू शकतं. आपल्याला फोनच्या पोटातला नंबर हवा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मॉडेलचा नेमका क्रमांक, बाजारातलं नाव नव्हे. अँड्रॉइडमध्ये तो `Settings > About phone` मध्ये मिळतो. आयफोनमध्ये `Settings > General > About` मध्ये `Model Number` या ओळीवर एकदा बोट टेकवलं की ए अक्षराने सुरू होणारा क्रमांक दिसतो. याचं काम पुढे नेटवर्कच्या भागात पडेल.

नंबर द्यायला कां-कूं करणारे विकणारे भेटतात. त्यातले काही खरंच घाबरलेले असतात, कारण आयएमईआय चारचौघांत टाकू नये हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं आणि ते बरोबरही आहे. अशांना समोरासमोर दाखवायला सांगा. समोर बसूनही जो दाखवत नाही, त्याच्याकडून फोन घ्यायचा नाही. इथे मी दुसरा विचार करत नाही.

आयएमईआय हा नुसता नंबर नाही

आयएमईआय १५ आकड्यांचा असतो. पहिले ८ आकडे मॉडेलचे, पुढचे ६ त्या एका फोनचे, आणि शेवटचा एक आकडा आधीच्या चौदांवरून हिशेबाने काढलेला. म्हणजे नंबर मनाने रचला असेल तर हा शेवटचा आकडा सहसा चुकतो. हिशेब सोपा आहे. पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणून नेहमी दिला जाणारा हा नंबर घ्या:

```
490154203237518
```

शेवटचा ८ बाजूला ठेवा. उरलेल्या चौदांपैकी दुसरा, चौथा, सहावा असे सम जागेवरचे आकडे दुप्पट करा. उत्तर दोन आकडी आलं तर त्या दोन आकड्यांची बेरीज घ्या. ९ चे १८, म्हणजे १ अधिक ८, म्हणजे ९. मग १ चे २, ४ चे ८, शून्याचं शून्य, २ चे ४, ७ चे १४ म्हणजे ५, आणि १ चे २. यांची बेरीज ३०. विषम जागेवरचे आकडे जसेच्या तसे मिळवा: ४, ०, ५, २, ३, ३, ५, बेरीज २२. एकूण ५२. पुढची दहाची पट ६०, तिला ८ कमी पडतात, आणि शेवटचा आकडा ८ आहे. जुळलं.

दर वेळी वही घेऊन बसायची गरज नाही, आयएमईआय तपासणारी कुठलीही वेबसाइट हे आपोआप करते. पण हिशेब काय सांगतो आणि काय सांगत नाही हे लक्षात ठेवा. तो चुकला तर नंबर नक्की बनावट किंवा उतरवताना चुकलेला. तो जुळला तर नंबर फक्त नियमात बसतो, याहून जास्त काही नाही. दुसऱ्या चांगल्या फोनचा नंबर चोरून या फोनमध्ये घातला असेल तरी हिशेब जुळणारच.

ती चोरी पकडायला पहिले ८ आकडे कामी येतात. ऑनलाइन तपासणीत नंबर टाकल्यावर जे मॉडेल येतं तेच हातातल्या फोनचं आहे का बघा. दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही नंबर वेगवेगळे टाकून बघा, दोन्हींतून एकच मॉडेल यायला हवं. फोन हातात आहे भारी आणि एका नंबरातून निघाला दुसऱ्याच कंपनीचा साधा फोन, तर तो नंबर बदललेला आहे. मॉडेल तेच पण साठवणक्षमता किंवा रंग वेगळा दिसला तर लगेच आरोप करू नका. अशा माहितीत चुका असतात, आणि मदरबोर्ड बदललेल्या फोनमध्येही असं होतं.

तीन ठिकाणचे नंबर एकमेकांशी ताडून पाहा: `*#06#` चा पडदा, सेटिंगमधलं पान आणि खोकं किंवा बिल. काही फोनांच्या सिम ट्रेवर किंवा पाठीवरही नंबर कोरलेला असतो. ट्रे किंवा पाठ वेगळी निघाली तर तो भाग बदललेला असण्याची शक्यता जास्त. पहिल्या दोन ठिकाणांत फरक आला तर मात्र प्रकरण गंभीर आहे. आणि `*#06#` वर नंबरच आला नाही, शून्यं आली, किंवा सॅमसंगच्या फोनवर `004999010640000` असा नंबर आला, तर फोनने आपली ओळखच हरवलेली आहे. हा सॅमसंगचा ठरलेला रिकामा नंबर आहे. आत साठवलेली मूळ माहिती बिघडली की तो दिसतो. असा फोन सोडून द्या.

काळी यादी कुठे असते

ब्लॅकलिस्ट, म्हणजे चोरीला गेलेल्या किंवा इतर कारणाने अडवलेल्या फोनांच्या आयएमईआयची यादी, फोनमध्ये नसते. ती मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमध्ये असते. फोन चालू होऊन टॉवरकडे जागा मागतो तेव्हा नेटवर्क त्याला त्याचा आयएमईआय विचारू शकतं, आणि तो यादीत असला तर नकार देतं. म्हणून फोन रीसेट करून, नवं सॉफ्टवेअर टाकून किंवा सिम बदलून यातून सुटका होत नाही. वाय-फाय, कॅमेरा, सगळी ॲप मात्र झकास चालतात. विकणारा वाय-फायवर व्हिडिओ लावून दाखवतो तेव्हा तो तुम्हाला नेटवर्कबद्दल काहीही दाखवत नसतो.

तपासणीची सोय देशादेशांत वेगळी आहे. भारतात दूरसंचार विभागाची सीईआयआर नावाची यादी आहे. संचार साथी पोर्टलवरून ती बघता येते, किंवा `KYM` लिहून एक जागा सोडून १५ आकडी आयएमईआय १४४२२ वर एसएमएस केला की उत्तर येतं. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचं आलं तर तो फोन घेऊ नका, असं सरकारी सूचनेतच म्हटलेलं आहे. अमेरिकेत मोबाइल कंपन्यांच्या संघटनेची चोरीचे फोन तपासणारी सेवा आहे, ऑस्ट्रेलियातही तशीच आहे. जगभरच्या कंपन्यांना आपली यादी एकमेकांना देता यावी म्हणून जीएसएमए ही संघटना सामाईक नोंदवही ठेवते, पण प्रत्येक देश, प्रत्येक कंपनी ती तितक्याच काटेकोरपणे वापरते असं नाही. परदेशातून आलेला फोन असेल तर तो जिथे विकला गेला त्या देशाच्या यादीतही बघा. तिकडे अडवलेला फोन इकडे आज चालतो, याचा अर्थ तो उद्याही चालेल असा होत नाही.

दोन मर्यादा नीट समजून घ्या. पहिली, तपासणी ही त्या क्षणाची असते. चोरीची तक्रार अजून झालेली नसेल, किंवा हप्त्यांवर घेतलेल्या फोनचे हप्ते पुढच्या महिन्यात थांबणार असतील, तर आज उत्तर स्वच्छच येणार. म्हणून मूळ बिल बघायचं, आणि हप्ते फिटलेत का हे थेट विचारायचं. दुसरी मर्यादा जास्त फसवी आहे: दोन सिमच्या फोनचे दोन नंबर म्हणजे यादीच्या लेखी दोन वेगळी यंत्रं. एक तपासून थांबलात तर अर्धा फोन तपासलात.

भाच्याच्या फोनचं नेमकं हेच झालं होतं. त्याने विकणाऱ्याकडून एकच नंबर घेतला होता, तो तपासला होता आणि उत्तर चांगलं आलं होतं. तो नंबर दुसऱ्या स्लॉटचा होता. मी पहिल्याचा टाकला तर ब्लॅकलिस्टेड. बिलांवर बरेचदा एकच आयएमईआय छापलेला असतो, आणि ज्याचा फोन गेला त्याने तक्रारीत बहुधा तेवढाच लिहिला असावा. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. पण त्याचं सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये होतं आणि कॉल तिथूनच लावला गेला होता, एवढं खरं.

सिमची खरी परीक्षा

भेटायला जाताना स्वतःचं चालू सिम, ट्रे काढायची पिन आणि एक चालता फोन घेऊन जा. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असतील तर उत्तम. विकणाऱ्याचं सिम वापरून काही बघू नका, त्याचं सिम कोणत्या अवस्थेत आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

आधी फोन बंद करून ट्रे बाहेर काढा आणि निवांत बघा. ट्रे वाकडा आहे का, आत सरकताना अडतो का, बाहेर काढल्यावर सिम गळून पडतं का. मग टॉर्च मारून स्लॉटच्या आत डोकवा. सोनेरी टोकं एका ओळीत, सारख्या उंचीची दिसली पाहिजेत. एखादं दबलेलं किंवा आडवं झालेलं असेल तर ते बरेचदा मोठ्या सिमच्या साच्यात अडकवलेलं छोटं सिम जोराने ओढल्यामुळे असतं. हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पुटं म्हणजे पाणी. आयफोनमध्ये आणि इतरही अनेक फोनांत सिम स्लॉटच्या आतच पाण्याची खूण सांगणारा छोटा पांढरा ठिपका असतो, तो लाल झाला असेल तर फोनने पाणी पाहिलेलं आहे.

ट्रेमध्ये आणखी एक वस्तू शोधा: सिमच्या खाली चिकटवलेली कागदासारखी पातळ चिप. एका कंपनीला बांधलेला फोन दुसऱ्या सिमवर चालतोय असं भासवायला ती वापरतात. ती असेल तर आज चालणारा फोन पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर बंद पडू शकतो. ती काढून, फक्त तुमचं सिम घालून पुन्हा बघा.

आता सिम पहिल्या स्लॉटमध्ये घाला आणि फोन चालू करा. एका स्लॉटसाठी एवढं करा: बाहेर कॉल लावा, तुमच्या दुसऱ्या फोनवरून आत कॉल घ्या, एसएमएस पाठवा आणि घ्या, वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर एखादं पान उघडा. मग विमान मोड चालू करून दहा सेकंदांनी बंद करा आणि फोन किती वेळात नेटवर्क पकडतो बघा. साधारणपणे मिनिटाच्या आत पकडायला हवं. तेच सिम काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला आणि सगळं पुन्हा करा. कंटाळा येतो, मान्य आहे. पण दुसऱ्या स्लॉटचा डेटा न बघता घरी आलेले लोक मी पाहिलेत. काही जुन्या फोनांत दुसऱ्या स्लॉटला वेगवान नेटवर्क मुळातच मिळत नाही, तो बिघाड नसून त्यांची रचनाच तशी असते. काहींत दुसरं सिम आणि मेमरी कार्ड यांची जागा एकच असते, दोन्ही एका वेळी घालता येत नाहीत.

शेवटी दोन्ही सिम एकत्र घाला आणि दोन्ही नंबरांवर आळीपाळीने कॉल लावा. एका सिमवर बोलणं चालू असताना दुसरा नंबर लागला नाही तर घाबरू नका, बहुतेक फोनांत रेडिओ एकच असल्याने तसंच होतं. कॉल नसताना मात्र दोन्ही नंबर लागलेच पाहिजेत.

कॉल चालू असताना फोन हातात हलका दाबा, ट्रेच्या बाजूला बोटाने टिचकी मारा. सिम गायब होऊन परत येत असेल तर टोकं ढिली आहेत किंवा मदरबोर्डवरचा जोड सुटतो आहे. आधी ढिल्या टोकांची शक्यता तपासून बघा, कारण ती दुरुस्ती लहान असते. मदरबोर्डचा जोड म्हणजे मोठं काम. त्याची एक ओळख अशी की फोन गरम झाल्यावर नेटवर्क जातं आणि थंड झाल्यावर येतं. म्हणून पाच-दहा मिनिटं कॅमेऱ्यावर व्हिडिओ रेकॉर्ड करा आणि मग पुन्हा कॉल लावा. सेटिंगच्या त्याच माहितीच्या पानावर आयफोनमध्ये `Modem Firmware` आणि अँड्रॉइडमध्ये `Baseband version` अशी ओळ असते. ती रिकामी असेल किंवा तिथे `Unknown` लिहिलेलं असेल तर नेटवर्क पकडणारी चिपच बोलत नाहीये.

रेंजच्या काड्यांवर विसंबू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मर्जीने काढतो. अनेक अँड्रॉइड फोनांत `SIM status` च्या पानावर `Signal strength` मध्ये डीबीएम आकडा मिळतो. तेच सिम, तीच जागा, एकदा तुमच्या फोनमध्ये आणि एकदा या फोनमध्ये, दोन्हींवर नेटवर्क एकच असताना बघा. तुमच्यात उणे ९० आणि यात उणे ९४ आला तर काही बिघडलेलं नाही. उणे ११० आला तर बिघडलंय. दहाचा फरक म्हणजे ताकद दहावा भाग, वीसचा म्हणजे शंभरावा. अँटेनाचा जोड सुटला असण्याची शक्यता मोठी, आणि तो बहुधा पडदा किंवा बॅटरी बदलताना सुटलेला असतो.

पडद्यावर काय लिहून आलं

रेंज न येणं हे लक्षण एकच असलं तरी आजार पाच असतात. फोन त्याबद्दल काय म्हणतो ते शब्दशः वाचा.

सिम आत असूनही `No SIM` म्हणत असेल तर प्रश्न स्लॉटचा किंवा सिमच्या चिपचा. ते सिम तुमच्या फोनमध्ये घालून बघा. तिथे चालतंय तर स्लॉट खराब. इथे काळ्या यादीचा संबंध नाही.

अँड्रॉइडने `SIM network unlock PIN` मागितला किंवा आयफोनने `SIM Not Supported` म्हटलं, तर फोन दुसऱ्या कंपनीला बांधलेला आहे. आयफोनमध्ये हे सिम न घालताही कळतं: माहितीच्या पानावर `Carrier Lock` समोर `No SIM restrictions` लिहिलेलं असलं पाहिजे. बांधलेला फोन चोरीचा असतोच असं नाही, पण तो सोडवणं त्या मूळ कंपनीच्या हाती असतं. विकणाऱ्याने आधी सोडवून आणावा, मग पैसे.

सिम दिसतंय, कंपनीचं नाव येतंय आणि तरी `Emergency calls only`, म्हणजे भाच्याची केस. इथे तीन संशयित आहेत. सिमच चालू नसेल, हे दुसऱ्या फोनमध्ये घालून मिनिटात कळतं. फोनला त्या कंपनीच्या लहरी पकडता येत नसतील. किंवा नेटवर्कने फोनला नाकारलं असेल. शेवटच्या दोघांत निवड करायला सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडण्याचा पर्याय बंद करून नेटवर्क शोधा. यादीत तुमच्या कंपनीचं नाव आलं तर फोनला तिचा टॉवर ऐकू येतोय. ते नाव निवडल्यावर जोडणी नाकारली गेली, तर नकार नेटवर्ककडून आहे. काही अँड्रॉइड फोन याहून स्पष्ट बोलतात: `Phone not allowed MM#6` असा संदेश आला तर नेटवर्कचं भांडण फोनशी आहे. `SIM not provisioned MM#2` आला तर ते सिमशी आहे, फोनला दोष देऊ नका.

आम्ही हेच केलं. पहिल्या स्लॉटमधून नेटवर्क शोधलं, भाच्याच्या कंपनीचं नाव आलं, ते निवडलं आणि नकार आला. तेच सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये त्याच नेटवर्कला लगेच जोडलं गेलं. फोन तोच, सिम तेच, जागा तीच. बदलला तो फक्त आयएमईआय.

चालतो म्हणजे सगळीकडे चालतो असं नाही

एकाच नावाचा फोन जगात चार-पाच रूपांत विकला जातो. गॅलक्सी एस२३ घ्या: `SM-S911B` हा आंतरराष्ट्रीय, `SM-S911U` अमेरिकेचा, `SM-S911N` कोरियाचा. बाहेरून जुळे भाऊ, पण त्यांना कोणत्या लहरी आणि कोणत्या कंपन्यांच्या सोयी मिळतात यात फरक. आयफोन १४ मध्ये तर फरक डोळ्यांना दिसतो. अमेरिकेत विकलेल्या फोनला सिमचा ट्रेच नाही, सगळं ई-सिमवर. चीनमध्ये विकलेल्याला दोन खरी सिम बसतात आणि ई-सिम नाही. तुमची कंपनी ई-सिम देत नसेल तर पहिला फोन तुमच्यासाठी महागडा कॅमेरा आहे.

म्हणून तो मॉडेल क्रमांक आधीच मागवला होता. तुमच्या कंपनीच्या वापरातले बँड, म्हणजे तिच्या लहरींचे ठरलेले पट्टे, शोधा आणि फोन बनवणाऱ्याच्या माहितीत त्याच क्रमांकासमोर ते आहेत का बघा. फोर-जीमध्ये बँड ३ म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, ८ म्हणजे ९००, २० म्हणजे ८००, २८ म्हणजे ७००. मेगाहर्ट्झचा आकडा जितका लहान तितक्या त्या लहरी भिंतींतून आत जास्त जातात आणि दूर पोचतात. गंमत अशी की नेमका असा एखादा खालचा बँड फोनमध्ये नसला तर रस्त्यावर, टॉवरजवळ घेतलेल्या सिमच्या परीक्षेत फोन पैकीच्या पैकी गुण मिळवतो आणि तुमच्या घरातल्या मधल्या खोलीत मान टाकतो. सिम घालून बघणं ही या बाबतीत अपुरी परीक्षा आहे, क्रमांक जुळवावाच लागतो.

दुसरा घोटाळा कॉलचा. फोर-जीवर डेटा चालतोय म्हणून फोर-जीवर आवाजही जाईल असं नाही. त्यासाठी व्होल्टी लागतं, आणि ते त्या कंपनीसाठी त्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू असावं लागतं. परदेशी रूपाच्या फोनांत हे हमखास अडतं. बघायची रीत सोपी: वाय-फाय बंद करा, कॉल लावा आणि वरच्या पट्टीकडे लक्ष ठेवा. कॉल चालू असताना `4G` किंवा `LTE` टिकून राहिलं तर ठीक. ते घसरून `3G`, `H` किंवा `E` झालं तर आवाज जुन्या नेटवर्कवरून जातोय. आज जातोय, पण जुनी नेटवर्कं बंद होत चालली आहेत. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जी बंद केलं. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरअखेर ते बंद झालं तेव्हा फोर-जीवरून आपत्कालीन कॉल लावू न शकणारे फोन तिथल्या कंपन्यांनी नेटवर्कवरूनच अडवले, आणि त्यांत फोर-जी डेटा नीट चालणारे फोनही होते. तुमच्या कंपनीकडे जुनं नेटवर्क मुळातच नसेल तर कॉल लागणारच नाही, त्यामुळे तिथे लपून राहण्यासारखं काही नसतं.

काही अँड्रॉइड फोनांत डायल पॅडवर `*#*#4636#*#*` टाकल्यावर तपासणीचं पान उघडतं. त्यात `IMS Registration` समोर `Registered` दिसलं की व्होल्टीची नोंद झालेली आहे. सगळ्या कंपन्यांनी हे पान उघडं ठेवलेलं नाही, ते न उघडणं हा दोष नाही.

ई-सिम तपासणं जरा अवघड, कारण भेटीच्या जागी बसून नवं ई-सिम घेणं सहसा जमत नाही. किमान `EID` दिसतोय आणि सेटिंगमध्ये ई-सिम जोडण्याचा पर्याय उघडतोय एवढं बघा. ई-सिमच्या जागेचा आयएमईआयही वेगळा असतो, तोही यादीत तपासा. विकणाऱ्याचं ई-सिम आत असेल तर त्याने ते तुमच्यासमोर काढावं आणि त्याच बैठकीत आपल्या गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडून फोन रीसेट करावा.

भाच्याने फोन परत केला. विकणाऱ्याने हुज्जत घातली, "दुसऱ्या स्लॉटवर चालतोय ना, तुला एकच सिम वापरायचंय" हेही म्हणून झालं. दोन्ही आयएमईआय आणि एसएमएसची दोन उत्तरं समोर ठेवल्यावर इसार परत मिळाला. पुढचा फोन घेताना मी त्याला साध्या कागदावर पावती लिहून घ्यायला लावली: तारीख, मॉडेल क्रमांक, दोन्ही आयएमईआय, विकणाऱ्याचं नाव आणि सही, आणि 'फोनवर हप्ते बाकी नाहीत' अशी एक ओळ. त्या फोनचे दोन्ही नंबर त्याने महिन्याभराने पुन्हा तपासले. दोन्ही स्वच्छ होते.